चाकावर पाच तास, बाकी चौतीस

हाताने घडवलेला मग कुणाला भेट दिला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "अगं, हे तू केलंस?" हे पहिलं, आणि "मग विकत का नाहीस?" हे दुसरं. पहिल्या वाक्याने माणूस सुखावतो. दुसऱ्याने त्याची झोप उडते. पुण्या-मुंबईत आता शनिवार-रविवारी चाकावर बसवणारे स्टुडिओ सहज सापडतात. तिथे दोन-तीन वर्षं नेमाने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे दुसरं वाक्य कधी ना कधी घर करतंच. नोकरी नकोशी झाली असेल तर जरा लवकर करतं.

अशा वेळी सल्ले दोनच मिळतात. एक म्हणतो, सोडून दे नोकरी आणि घे उडी. दुसरा म्हणतो, छंद छंदाच्या जागी ठेव. दोन्ही सल्ले आकडा न विचारता दिलेले असतात, म्हणून दोन्ही सारखेच निरुपयोगी. तिसरा रस्ता कंटाळवाणा आहे, पण उत्तर देतो. नोकरी चालू ठेवायची, एक मुदत ठरवायची, त्या मुदतीत किती पैसे उरले पाहिजेत तो आकडा आधी कागदावर लिहायचा, आणि मुदत संपली की त्या कागदाचं ऐकायचं.

हा रस्ता नेमका कसा चालायचा हे मातीकामाच्या उदाहरणातून पाहू. कारण मातीकामात नासधूस, विलंब आणि हंगाम या तिन्ही गोष्टी लपत नाहीत. पारंपरिक कुंभारकामाबद्दल मी बोलत नाही. तिथे सगळं घर राबतं, भाजणी कमी तापमानाला होते आणि गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं. इथे विषय आहे तो स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे बाराशे अंशांच्या वर भाजलेल्या, झिलई दिलेल्या स्टोनवेअरच्या भांड्यांचा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि आज आपल्याकडे हे काम करणाऱ्या अनेकांची गुरुपरंपरा तिथपर्यंत पोहोचते. दुसरीकडे उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्यातून साच्यात ओतलेले, देखणे मग बाजारात येतात ते हातच्या मगाच्या किमतीच्या काही अंशात. म्हणजे "मग हवा" एवढ्या गरजेपोटी तुमच्याकडे कुणीही येणार नाही. त्याला तुमचाच मग हवा असला पाहिजे. अशी माणसं किती आहेत, हेच या मुदतीत शोधायचं असतं.

उदाहरणासाठी पुण्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणू. खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ४५,००० रुपये. नवरा कमावतो. दोघांनी बसून हिशेब केला तेव्हा दिसलं की तिच्याकडून महिन्याला २७,००० आले तरी घर चालेल. पण नोकरी गेली की कंपनीचा आरोग्यविमाही जातो, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटाही जातो. त्यासाठी आणखी ३,००० धरले. मग आकडा झाला ३०,००० रुपये, आणि तो विक्रीचा नाही, सगळा खर्च वजा जाऊन उरणारा. (इथले सगळे भाव उदाहरणापुरते आहेत. आपल्या गावचे भाव विचारून ते बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.)

इथेच बहुतेकांची पहिली अडचण होते. नोकरी सांभाळून आठवड्याला पंधराएक तास मिळणार. त्यात महिन्याला ३०,००० उरणं शक्यच नाही. मग लक्ष्य तरी काय ठेवायचं? "सुरुवातीला दहा हजार आले तरी पुष्कळ" असं कुणी म्हणतं, पण दहाच का, आठ किंवा पंधरा का नाहीत, हे त्याला सांगता येत नाही. असा मोघम आकडा गाठला काय आणि चुकला काय, त्यातून काहीच कळत नाही.

त्याऐवजी आकडा तासावर आणायचा. पूर्णवेळ काम केलं तर ती महिन्याला १८० तास देऊ शकेल. वर्षातला एक महिना आजारपण, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा यांत जाणार, म्हणून अकरा महिने धरले. वर्षाचे ३,६०,००० रुपये १,९८० तासांत मिळवायचे तर तासाला साधारण १८० रुपये उरले पाहिजेत. हा आकडा पंधरा तासांच्या आठवड्यातही तपासता येतो. महिन्याची एकूण कमाई किती झाली यापेक्षा प्रत्येक तासामागे किती उरलं हे आधी पाहायचं. तासाला १८० उरत नसतील तर पूर्णवेळ राबूनही घर चालणार नाही. उरत असतील तर पुढचा प्रश्न विचारायला ती मोकळी.

आता तास मोजू, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा तिने चाळीस मगांचा एक घाणा घेतला. प्रत्येकी साडेचारशे ग्रॅम माती. माती मळून, गोळे करून चाकावर मग उठवायला चाळिसांचे मिळून पाच तास लागतात. हे पाच तास म्हणजे तिचा छंद. ज्यासाठी ती शनिवारची वाट पाहते ते हेच. त्यानंतर मग थोडे कडक झाले की उलटे ठेवून बुडाची जादा माती तासायची. त्याला चार तास. कान ओढून, जोडून, सांधा गुळगुळीत करायला पाच. वाळल्यावर कच्च्या भाजणीसाठी नेणं-आणणं दीड तास. बुडाला मेण लावून झिलईत बुडवणं, ओघळ पुसणं यात चार. पक्क्या भाजणीला भट्टी लावणं आणि उतरवणं दोन, बुडं घासणं एक. फोटो आणि मजकूर तीन तास. "निळ्यात आहे का?", "जरा मोठा मिळेल का?", "मायक्रोवेव्हमध्ये चालेल ना?" यांना उत्तरं देण्यात चार. खोकी भरणं आणि कुरिअरला देणं पाच. चाक, बादल्या, फरशी धुणं अडीच. उरलेला चिखल वाळवून पुन्हा मळण्याजोगा करणं दोन. सगळे मिळून ३९ तास. त्यातले चाकावरचे फक्त पाच.

छंद म्हणून काम करताना या चौतीस तासांतले बरेचसे दुसरं कुणीतरी करत असतं. भट्टी स्टुडिओचा माणूस लावतो, झिलई तोच कालवून ठेवतो, चिखलाची बादलीही तोच उपसतो. म्हणून "मला मातीकाम आवडतं" या वाक्याची खरी तपासणी चाकावर होत नाही. ती चौतिसाव्या तासाला, विसावं खोकं चिकटपट्टीने बंद करताना होते. पहिल्या तीन महिन्यांत या वहीवरून नजर फिरवून काही जण मुकाट्याने छंदाकडे परत जातात. माझ्या मते त्यांची परीक्षा उत्तम झालेली असते.

चाळीस मगांमधून चाळीस मग बाहेर येत नाहीत, हे दुसरं. कान जोडलेल्या जागी दोघांना तडा जातो, कारण कान पातळ, तो आधी वाळून आकसतो आणि अंग अजून ओलं असतं. अडतीस कच्च्या भाजणीत जातात आणि सदतीस येतात. पक्क्या भाजणीत आणखी दोन जातात. एकाची झिलई ओघळून फळीला चिकटते, दुसऱ्याच्या बुडात नागमोडी चीर दिसते. ही चीर भट्टीत दिसली तरी ती पडायची व्यवस्था चाकावरच झालेली असते. तळाची माती नीट दाबली नाही की वाळताना आणि भाजताना तिथे ताण येतो. अशी चीर घाण्यामागून घाण्यात दिसत असेल तर दोष भट्टीचा नाही, हाताचा आहे, आणि तो सुधारता येतो. उरलेल्या पस्तिसांपैकी तिघांवर टाचणीएवढी छिद्रं किंवा झिलईचा डाग असतो. ते "दुय्यम" म्हणून अर्ध्या किमतीत जातात. खणखणीत माल बत्तीस.

आकसण्याचंही भान लागतं. ओल्या मातीपासून पक्क्या भाजणीपर्यंत भांडं लांबी-रुंदी-उंचीत साधारण बारा टक्के आकसतं. ऐकायला थोडं वाटतं, पण तिन्ही बाजूंनी आकसल्यामुळे आतली जागा जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. तीनशे मिलिलिटर चहाचा मग हवा तर चाकावर तो चारशे चाळीसचा दिसला पाहिजे. पहिल्या घाण्यातल्या मगांचे पेले व्हायचं कारण बहुधा हेच.

आता पैसे. मगाची किंमत ६५० रुपये, दुय्यम मग ३०० ला. सगळे खपले तर २१,७०० रुपये. खर्चात माती ९००, झिलई १,०००, आणि दोन्ही भाजण्यांचे भाड्याने ३,०००. खोकी आणि कागद १,६००. निम्मे मग तिने एका दुकानात ठेवले, तिथे विक्रीवर पस्तीस टक्के कापून घेतात, ते ३,६००. उरलेल्यांचं कुरिअर १,४००, आणि वाटेत फुटलेल्या एका मगाच्या बदल्यात दुसरा पाठवावा लागतो त्याचे ७००. एकूण १२,२००. उरले ९,५००, म्हणजे तासाला २४३ रुपये. १८० च्या बरेच वर. इथे पुष्कळ लोक राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतात.

पण बत्तिसांपैकी आठच मग पडून राहिले असं धरून बघा. बाकी काहीही बदललं नाही. त्यांचं कुरिअर आणि खोकी वाचली, दोनेक तासही वाचले, तरी हातात उरतात ५,४०० च्या आसपास आणि तासाला १४५. आठ मगांनी पारडं फिरवलं. माती, वीज, मेहनत सगळं आधीच खर्च झालेलं असतं, त्यामुळे शेवटच्या काही नगांची विक्री ही जवळजवळ निव्वळ उरणारी रक्कम असते. "माझे मग छान खपतात" म्हणणाऱ्याला म्हणून एकच विचारावं, घाण्यातले किती मागे राहिले?

यातून दुसरं लक्ष्य निघतं. प्रत्येक घाण्यातले बत्तीसच्या बत्तीस भट्टीतून आल्यापासून सहा आठवड्यांत जावेत. पूर्णवेळ काम केलं तर महिन्याला असे सव्वातीन घाणे घ्यावे लागतील, म्हणजे दरमहा शंभराहून जास्त मग लोकांच्या घरी गेले पाहिजेत. पंधरा तासांच्या आठवड्यात जेमतेम दीड घाणा होतो. तोच सहा आठवड्यांत खपत नसेल तर दुप्पट माल करून दुप्पट साठा होईल, दुप्पट उत्पन्न नाही.

तिसरं लक्ष्य गिऱ्हाइकाचं. पहिले पन्नास मग कुणीही विकतं. मावशी घेते, ऑफिसातल्या मैत्रिणी घेतात, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की वरच्या मजल्यावरच्या काकू दोन घेतात. ही माया आहे, बाजार नव्हे. एका माणसाला किती मग लागतात? म्हणून वहीत प्रत्येक विक्रीपुढे एक खूण करायची, ओळखीचा की अनोळखी. सहा महिन्यांनंतर थेट विक्रीतले निम्म्याहून जास्त अनोळखी असले पाहिजेत, आणि त्यातले काही पुन्हा आलेले. पुन्हा येणारा अनोळखी माणूस हा या सगळ्या वहीतला सर्वांत मोलाचा आकडा आहे. त्याने मगातून रोज चहा प्यायला, तो धुतला, आणि तरीही त्याला दुसरा हवासा वाटला.

तासाला १८०, सहा आठवड्यांत बत्तीस, आणि निम्मे अनोळखी. यापेक्षा जास्त लक्ष्यं ठेवू नयेत. समाजमाध्यमावरचे फॉलोअर तर नकोतच. ते वाढले की माणूस खूश होतो आणि वही उघडायची विसरतो.

मुदत किती आणि कधीपासून, हा प्रश्न छंदागणिक बदलतो. मातीकामात त्याचं उत्तर पावसाळा आणि दिवाळी मिळून देतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत वाळणारा मग जुलैत आठवडा उलटला तरी हाताला गार लागतो. गार लागला म्हणजे आत ओल आहे, आणि ओला मग भट्टीत गेला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, शेजारच्या दोघांनाही घेऊन जातो. घाई करून पंख्याखाली ठेवला तर कान आधी वाळून तडकतो. त्यातच भाजणी मधे असताना वीज गेली तर झिलई अर्धवट पिकते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तेवढ्याच तासांत माल कमी निघतो, हे गृहीत धरायचं. पितृपक्षात विक्री थंडावते. आणि मग दिवाळी येते, प्रदर्शनं भरतात, भेटवस्तूंच्या चौकश्या सुरू होतात, आणि वर्षभराचं दुःख तीन आठवड्यांत धुऊन निघाल्यासारखं वाटतं.

म्हणून सहा महिन्यांची मुदत इथे फसवी. जूनला सुरू करून नोव्हेंबरला संपवली तर निकाल दिवाळीच्या झगमगाटात लागतो. जानेवारीत सुरू करून जूनमध्ये थांबलं तर दिवाळी बघायलाच मिळत नाही. मी तरी एप्रिल ते मार्च अशी वर्षभराची मुदत सुचवेन. पहिले तीन महिने उत्पन्नाचं लक्ष्य नकोच, फक्त तास आणि फूट मोजायची. पावसाळ्याच्या तिमाहीत तासाला शंभर उरले तरी चालतील. दिवाळीच्या तिमाहीत कितीही उरले तरी त्यावर निर्णय घ्यायचा नाही. निकाल लागतो तो जानेवारी ते मार्चच्या साध्यासुध्या महिन्यांवर, कारण वर्षातले बहुतेक महिने तसेच असतात. शिवाय आर्थिक वर्ष तेच असल्याने कराचा हिशेबही वेगळा मांडावा लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक मोह हमखास दारात येतो तो घाऊक ऑर्डरचा. एखादी कंपनी विचारते, शंभर मग द्याल का, पण ३५० ने. साडेसहाशेचा मग साडेतीनशेला म्हटल्यावर आधी रागच येतो. पण वही काढून बसा. इथे फोटो नाहीत, शंभर जणांना उत्तरं नाहीत, प्रत्येकाचं वेगळं खोकं नाही, दुकानाचा वाटाही नाही. चाळीसच्या घाण्याला ३९ ऐवजी २९ तास लागतात आणि खर्च साडेपाच हजारांवर येतो. दुय्यम माल कंपनी घेणार नाही, म्हणून बत्तीसच धरले तरी तासाला १९७ उरतात. रेषेच्या वर. त्याच कंपनीने घासाघीस करून ३०० वर आणलं की मात्र १४१ होतात, आणि तिथे हात जोडून नाही म्हणायचं. अपमान साडेतीनशेत वाटतो, नुकसान तीनशेत आहे. वही नसेल तर माणूस नेमकं उलटं वागतो. निम्मे पैसे आगाऊ आणि नमुन्यावर लेखी होकार, एवढं मात्र आधी घ्यावं. हातचे शंभर मग तंतोतंत एकसारखे निघत नाहीत, हे कंपनीतल्या माणसाला माल पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

दुसरा मोह शिकवण्याचा. कुणाच्या तरी स्टुडिओत रविवारी सहा जणांचा तीन तासांचा वर्ग घेतला, प्रत्येकी १,५०० घेतले, निम्मे पैसे जागा, माती आणि भाजणीत गेले, तरी उरतात ४,५००. तयारी आणि नंतर त्यांची भांडी निस्तरणं धरून दहा तास. तासाला ४५०! मग विकण्यापेक्षा कितीतरी बरं. स्टुडिओ पॉटरीवर जगणाऱ्यांपैकी अनेकांची चूल खरं तर वर्गांवर पेटते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण हे उत्पन्न वहीत वेगळ्या पानावर लिहायचं. एकत्र केलं की मगांचा तोटा वर्गांच्या पैशात बुडून जातो, आणि वर्षाअखेरीस आपण कुंभार होतोय की शिक्षक हे कळतच नाही. शिक्षक व्हायचं असेल तर खुशाल व्हावं, पण त्याची परीक्षा वेगळी घ्यावी.

मुदतीत काय करू नये, तर भट्टी घेऊ नये. सगळ्यांना आधी तीच हवी असते. छोट्या विजेच्या भट्टीलाही लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि ती ओढते तेवढा भार घरच्या मीटरला झेपतोच असं नाही. वाढीव भार मंजूर करून घ्यायचा, व्यवसायासाठी वेगळा वीजदर लागू होतो का ते पाहायचं, सोसायटीची परवानगी काढायची. एवढं करून भट्टी आली की माणूस परीक्षा देत नाही, हप्ते फेडतो. सुरुवातीला भाड्याने भाजून घ्यावं. बरेच स्टुडिओ नगावर किंवा फळीवर पैसे घेऊन भाजून देतात. नेण्या-आणण्यात एखाददुसरा कान मोडेल. मोडू दे. चाक विकत घ्यायला हरकत नाही, कारण ते पुन्हा विकता येतं.

पैशांची मर्यादाही आधीच ठरवावी. आपल्या उदाहरणातल्या बाईने १,२०,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकले. चाक, फळ्या, बादल्या, माती, प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं, सगळं त्यातूनच. विक्रीचे पैसे त्याच खात्यात यायचे. घरखर्चाच्या खात्यातून एक रुपया इकडे आला तर त्या दिवशी मुदत संपली, असं तिने लिहून ठेवलं. हा नियम कडक वाटतो, पण त्याने एक फायदा होतो. नवऱ्याला किंवा सासूबाईंना दर महिन्याला "किती घातलेस आतापर्यंत?" असं विचारावं लागत नाही. खात्यातला शिल्लक आकडा सगळ्यांना दिसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोकरी सरकारी असेल तर वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही. खासगी नोकरीतही नेमणूकपत्र काढून वाचावं, कारण पुष्कळ कंपन्या दुसऱ्या उत्पन्नाला मनाई करतात. मगांचे पैसे आले की प्राप्तिकराचं नेहमीचं सोपं, पगारदारांचं पहिल्या क्रमांकाचं विवरणपत्र चालत नाही, कारण त्यात व्यवसायाचं उत्पन्न दाखवता येत नाही. जीएसटीची नोंदणी एवढ्याशा उलाढालीला बहुधा लागत नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, आणि हस्तकलेच्या वस्तूंना असलेली सवलतही अटींसह आहे. बंगळूरला पहिलं खोकं पाठवण्याआधी सीएला एकदा विचारावं.

आता मार्च. आपल्या उदाहरणातल्या बाईचं जानेवारी ते मार्चचं पान असं निघालं असं धरू. तासाला १५२ रुपये. घाण्यातले सरासरी पंचवीस मग सहा आठवड्यांत गेले, सात राहिले. थेट विक्रीत अनोळखी साठ टक्के, आणि त्यांतल्या नऊ जणांनी दुसऱ्यांदा घेतलं. दिवाळीत तासाला २८० पर्यंत गेले होते, पण ते या पानावर नाहीत.

तीनपैकी एक लक्ष्य गाठलं, दोन चुकली. कागद म्हणतो, नोकरी सोडायची नाही. मन म्हणतं, अजून तीन महिने बघू. या "अजून तीन महिने"नेच अनेकांची वर्षं खाल्ली आहेत. म्हणून मुदतवाढीचा नियमही पहिल्याच दिवशी लिहायचा असतो. वाढ एकदाच, आणि तीही एखादी ठरावीक गोष्ट बदलून. नुसतं "जास्त जोर लावू" हा बदल नव्हे.

काय बदलायचं तेही वहीच सांगते. पडून राहिलेले सात मग तिने ओट्यावर मांडून पाहिले. त्यातले पाच दुकानातून परत आलेले होते. दुकानात पस्तीस टक्के जातात, माल महिनोन्‌महिने अडकतो, आणि तिथला गिऱ्हाईक कोण हे तिला कधीच कळत नाही, त्यामुळे तो पुन्हा येण्याची शक्यताही नाही. उलट पुन्हा आलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांनी मग नव्हे, तर झाकणाचं दह्याचं भांडं मागितलं होतं. ते ९०० ला जातं. त्याला कान नाही, म्हणजे घाण्यामागे पाच तासांचं काम आणि कानाजवळचे तडे दोन्ही वाचतात. झाकणं वेगळी उठवावी लागतात आणि ती भांड्यावर नीट बसली पाहिजेत, त्यात तीन तास परत जातात. भाजणीत झाकण आणि भांडं वेगवेगळं आकसलं तर जोडी फुकट जाते, म्हणून झाकण भांड्यावर ठेवूनच भाजायचं आणि टेकतात तिथली झिलई पुसून घ्यायची. शिवाय दही आंबट असतं. झिलईत बारीक जाळी पडलेली असेल तर ते आत मुरतं. प्रत्येक नव्या झिलईचं एक भांडं रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद ओला दिसला तर ती झिलई दह्याला चालणार नाही.

नव्या पानावर तिने लिहिलं ते इतकंच. दुकान बंद. घाण्यात वीस मग आणि वीस दह्याची भांडी. तासाला १८०, सहा आठवड्यांत सगळा माल, ही दोन्ही लक्ष्यं तीच. खात्यात ४१,००० शिल्लक, त्यात नवीन भर नाही. मुदत ३० सप्टेंबर, म्हणजे दिवाळीच्या आधी. त्या तारखेलाही १८० उरले नाहीत तर भाड्याच्या भाजणीचं खातं बंद करायचं, चाक ठेवायचं, आणि मग फक्त वाढदिवसांना द्यायचे. १८० ओलांडले, तरी राजीनामा लगेच नाही. आधी कंपनीला विचारायचं, आठवड्यातून चार दिवस काम आणि तेवढाच पगार जमेल का?